नानांचं शून्य

हट्ट्याच्या रस्त्यावर माणिकरावांचं हळदीचं गोदाम आहे. त्याच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या पार्टिशनपलीकडे, जी खोली आहे तिला ऑफिस म्हणतात. खिडकी एकच, आणि तीही बाहेर उघडत नाही, गोदामात उघडते. कालिंदी सेनगावकर या खोलीत तात्पुरती म्हणून लागली होती. दोन हंगामांनी तिच्या खुर्चीचं चाक तुटलं, तेव्हा माणिकरावांनी नवी खुर्ची आणली. त्यावरूनच तिला कळायला हवं होतं.

बी.सी.ए. झालेल्या माणसाने हळदीच्या गोदामात काय करायचं, हा प्रश्न तिच्या आईने एकदाच विचारला होता. उत्तर असं: वजनकाट्याचा कम्प्युटर प्रत्येक मालाला लॉट नंबर देऊन चिठ्ठी काढायचा. ती चिठ्ठी बघून ऑफिसातले जुने कारकून नाना आपल्या कम्प्युटरवर लॉट नंबर, शेतकऱ्याचं नाव आणि पोती कुठल्या थप्पीत लावली ते टाइप करायचे. माल परत न्यायला शेतकरी आला की दोन्हीकडचा लॉट नंबर जुळवून गेटपास द्यायचा. हे जुळवणं पूर्वी डोळ्यांनी चालायचं आणि खिडकीपाशी भांडणं व्हायची. कालिंदीने पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला, भांडणं थांबली. प्रोग्राम फक्त तिलाच कळत होता, त्यामुळे तीही तिथेच थांबली.

नोकरी सोडायचा विषय तिने अनेकदा काढला होता. माणिकराव कधी नाही म्हणाले नाहीत. "व्हय, जा की. एवढा हंगाम होऊ दे," एवढंच म्हणायचे. हळदीचा हंगाम संपला की सोयाबीनचा यायचा.

यंदा मात्र नांदेडच्या एका कंपनीने तिला घ्यायचं ठरवलं. अट एकच, अनुभवाचा दाखला, आणि तोही सोमवारच्या आत. त्याच आठवड्यात लाइटचा झटका आला आणि तिच्या कम्प्युटरची हार्डडिस्क गेली. प्रोग्रामचा बॅकअप होता. त्याच कम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये होता.

"दाखल्याचं काय न्हाई," माणिकराव म्हणाले. "आत्ता लिहून देतो. फक्त ते तुमचं मशीन पैल्यासारखं चालू करून द्या, ताई. बाहेर शेतकरी बसून राहिलेत."

"मालक, मशीन नवं आणता येईल. आतला प्रोग्रामच गेला."

"मंग पुन्हा लिहा. एकदा लिहिलाच व्हता ना?"

तीन वर्षं थोडं थोडं वाढवत नेलेलं काम दोन दिवसांत पुन्हा लिहायचं, हे त्यांना स्वयंपाकासारखं वाटत होतं. काल केला, आज करा.

तिला वाचवलं ते माणिकरावांच्याच एका खोडीने. माणसावर विश्वास ठेवायचा नाही आणि तसं बोलायचंही नाही, यावर त्यांनी उपाय काढला होता: 'कामाचा पुरावा' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या कामाचा फोटो टाकायचा. वॉचमन कुलपाचा फोटो टाकायचा, रोज, त्याच कुलपाचा. हमालांचा मुकादम थप्पीचा टाकायचा. कालिंदीने केलेलं काम दिसण्यासारखं नसायचं, म्हणून ती पडद्यावरच्या कोडचा स्क्रीनशॉट टाकायची. माणिकराव त्यावर अंगठा द्यायचे. त्यांनी त्यातलं अक्षरही वाचलेलं नव्हतं, पण अंगठा चुकला नव्हता.

तर प्रोग्राम होता. कुलपं आणि थप्प्यांच्या मधे, तुकड्यातुकड्यांनी.

शुक्रवारी सकाळी ती फोन घेऊन बसली आणि ग्रुप मागे सरकवू लागली. शेजारच्या टेबलावर नाना चष्मा कपाळावर चढवून बघत होते. नाना म्हणजे विश्वंभरराव. साठी ओलांडलेले, टायपिंगची परीक्षा पास, आणि हे ते हंगामात एकदा तरी सांगायचे.

"सापडलं काय गं?"

"सापडलं नाना, पण फोटोत आहे. फोटो चालत नाही, अक्षरं पायजेत."

फोटोतली अक्षरं उचलून देण्याची सोय फोनमध्ये असते. तिने एकेक स्क्रीनशॉट तिच्यातून काढला. कोड आला, पण गावच्या लग्नातून चपला याव्यात तसा आला: संख्या बरोबर, जोड्या चुकलेल्या. पाठवताना व्हॉट्सॲपने चित्रं दाबून बारीक केली होती. तिच्या पडद्यावर शून्याच्या पोटात जी तिरपी रेघ असायची ती या दाबात पुसली गेली होती. आता शून्य आणि इंग्रजी ओ यांत फरक राहिला नव्हता. एक हा आकडा आणि एल हे अक्षरही एकमेकांच्या जागी जाऊन बसले होते. ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा गायब होत्या, आणि पायथॉनमध्ये कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे हे त्या जागांवरूनच ठरतं.

मोकळ्या जागा तिने फोटो बघून बघून भरल्या. मग नवी हार्डडिस्क घातलेल्या कम्प्युटरवर प्रोग्राम चालवला. मशीन म्हणालं, 'ओ' नावाचं काही मला माहीत नाही. बरोबरच होतं, तिथे शून्य हवं होतं. ते केलं. पुढे म्हणालं, 'टोटल' माहीत नाही, कारण त्याच्या शेवटी एलऐवजी एक बसला होता. तेही केलं. मशीनचं हे बरं असतं, चूक असेल तिथे थांबतं, ओळ दाखवतं, मनात ठेवत नाही.

"माणसापेक्षा बरं हाय मंग," नाना म्हणाले.

"नाना, पण अवतरणचिन्हात जे असतं ना, त्याला ते हात लावत नाही. तिथे ओ असला काय अन् शून्य असलं काय, त्याला दोन्ही चालतात. तिथल्या चुका आपणच शोधायच्या."

दुपारनंतर तिचे डोळे दुखू लागले. तेव्हा तिने डोकं चालवलं. लॉट नंबरात पुढे गावाचं अक्षर असतं: हट्ट्याचा एच, नरसीचा एन, डोंगरकड्याचा डी. मागे आकडे. मोठा ओ कुठेच येत नाही. पायथॉनच्या स्वतःच्या शब्दांतही तो तिच्या कामाला लागत नव्हता. म्हणजे उरलेला प्रत्येक मोठा ओ हा मुळात शून्यच असणार. तिने एकदम सगळे ओ बदलून शून्य करून टाकले. या तर्कात खोट काढणं अवघड होतं.

शनिवारी सकाळी प्रोग्राम कुठेही न अडखळता सुरू झाला. पहिले चार-पाच गेटपास सटासट निघाले. माणिकराव स्वतः येऊन बघून गेले. जाताना नानांना म्हणाले, "ताईंचा दाखला टाइप करा. सही करून टाकतो."

नानांनी तो केला. कालिंदीने बसची चौकशी केली.

मग खिडकीशी डोंगरकड्याचे सोनाजी आले. चिठ्ठी दिली. तिने लॉट नंबर टाकला, डी दोनशे चार. पडद्यावर आलं: लॉट सापडला नाही.

"न्हाई कसा सापडत?" सोनाजींनी खिडकीतूनच बोट केलं. "ती काय, समोर हायेत माझी पोती. माझ्याकडं बघून राहिलीत."

पोती खरोखरच दिसत होती. तिने पुन्हा नंबर टाकला, पुन्हा तेच. त्यांच्या मागचा माणूस नरसीचा, एन एकतीस, त्याचा पास लगेच निघाला. त्याच्या मागचा अडकला. मग दोन निघाले, एक अडकला. खिडकीतला आवाज वाढला.

"ताई, तुमच्या कम्प्युटरला डोंगरकड्याचं वावडं हाय काय?" सोनाजींनी विचारलं.

"नरसीचेही अडकतायत, काका."

"मंग कम्प्युटर निदान न्यायाचा हाय."

माणिकराव आले. टेबलावर नानांनी टाइप केलेला दाखला होता. तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. खोलीत आणखी एक पार्टिशन पडल्यासारखं झालं.

कालिंदीने काट्याकडचा नंबर आणि नानांच्या फाइलमधला नंबर एकाखाली एक ठेवले. डी दोनशे चार, डी दोनशे चार. डोळ्यांना फरक नाही; शून्यातली तिरपी रेघ फक्त कोडच्या पडद्यावर असायची, या यादीत नव्हती. मशीनला विचारलं, दोन्ही सारखे का? नाही म्हणालं. अडकलेले लॉट तिने पुन्हा बघितले: प्रत्येकात कुठे ना कुठे शून्य होतं. निघालेल्यांत नव्हतं. मग तिने मशीनला एकेका अक्षराचा आतला क्रमांक विचारला. काट्याकडच्या शून्याचा आला अठ्ठेचाळीस. नानांच्या शून्याचा आला एकोणऐंशी. एकोणऐंशी म्हणजे मोठा ओ.

"नाना, जरा शून्य मारून दाखवा."

नानांनी न बघता मारलं. कॅप्सलॉक कायमचं चालू, आणि बोट ओ वर.

"आमच्या टायपिंगच्या मशीनला शून्य नव्हतंच," नाना म्हणाले. "एकाचा आकडाही नव्हता. ओ अन् एलवर भागवायचं. सर छडी घेऊन उभे राहायचे, खाली कळांकडं बघितलं की बोटावर बसायची. एकाच्या जागी एल मारायची सवय सुटली. ह्याची न्हाई सुटली. काहून विचारतीस?"

आणि कालिंदीला आठवलं. पहिल्याच हंगामात हेच झालं होतं. तेव्हा नानांना सांगावं की नको, या विचारात तिने दोन दिवस काढले होते, आणि शेवटी न सांगता प्रोग्राममध्ये एक ओळ घातली होती: नानांच्या लॉट नंबरात ओ दिसला की त्याचं शून्य करायचं. नाना टाइप करत राहिले, ओळ निस्तरत राहिली, आणि ती विसरून गेली.

ती ओळ अजूनही होती. फोनने उचलताना त्यातल्या दोन्ही खुणा ओ वाचल्या होत्या, आणि कालिंदीने सगळ्यांबरोबर त्यांचीही शून्यं केली होती. आता ती ओळ शून्य शोधत होती आणि त्याच्या जागी शून्य ठेवत होती. सकाळपासून, इमानेइतबारे. मशीनला त्यात काही वावगं दिसायचं कारण नव्हतं. फोटो कितीही मोठा केला तरी तिथे दोन सारखी वर्तुळंच दिसत होती. डावं कुठलं आणि उजवं कुठलं, हे ठरवायला नाना माहीत असावे लागत होते.

तिने डावीकडे ओ केला. सोनाजींचा पास निघाला.

"बराबर चाललं की," माणिकराव खुश होऊन म्हणाले. "ताई, आता खरं सांगा. हे तुमच्याबिगर कुणाला उमगलं असतं?"

हा प्रश्न नव्हता. कालिंदीला तो आवाज ओळखीचा होता.

"मालक, दाखला..."

"हाय ना, हा काय." त्यांनी खिशातून काढला, सहीदेखील केली. मग नानांकडे दिला. "तारीख तेवढी मोकळी ठेवलीय. नाना टाकतील. एवढा हंगाम होऊ द्या, काय नाना?" आणि ते सोनाजींबरोबर पोती बघायला निघून गेले.

सहीचा दाखला, सोडल्याची तारीख मोकळी. असा कागद नांदेडला चालत नाही, कुठेच चालत नाही. कालिंदी खुर्चीत बसली. नवी खुर्ची चांगली होती.

थोड्या वेळाने तिने त्या ओळीच्या वर मराठीत लिहिलं: ही चूक नाही. डावीकडे ओ, उजवीकडे शून्य. नाना ओ मारतात. पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला. मग थांबून, अख्खी फाइलही टाकली. स्क्रीनशॉटवर लगेच अंगठा आला. फाइलखाली माणिकरावांनी विचारलं, 'हे काय आहे?'

"माझ्यामुळं अडकलीस व्हय गं?" नानांनी विचारलं. त्यांनी तिच्या पडद्यावरची मराठी ओळ वाचली होती.

"तसं नाही, नाना."

"तसंच हाय." नानांनी कागद प्रिंटरमध्ये नीट लावला, मोकळी जागा बरोबर येईल असा. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "मला टाकायला सांगितलीय ना तारीख? मालकाच्याच तोंडानं. आज काय हाय?"

"दहा."

एक त्यांनी मारला. मग हात ओ कडे गेला, तिथे वर थांबला, आणि मागे आला. नानांनी खाली बघितलं. वरच्या रांगेत, एकेका कळीवर बोट फिरवत, ते शून्य शोधू लागले.

"शेवटी आहे, नाना. नऊच्या पुढं."

"दिसतंय मला," नाना म्हणाले, आणि एका बोटाने ते दाबलं.