चारापासून पन्नासापर्यंत

लग्नानंतर मी मंगळवार पेठेत एका खोलीत एकटीच असायची. हे राधानगरीच्या शाळेत गणित शिकवायचे, घरी फक्त रविवारी. आले तरी मुलांच्या वह्या तपासत बसायचे. एकदा म्हणाले, "कंटाळतेस ना? चारापासून पन्नासापर्यंतची प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज आहे का बघ. मग बोलू आपण."

त्या बोलण्यासाठी मी पाटी घेतली. मूळ संख्या म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी, दोनपासून पुढची. एवढं यांच्याच पुस्तकांतून शिकले होते. चार म्हणजे दोन अधिक दोन. सहा म्हणजे तीन अधिक तीन. अडतिसानं मात्र दमवलं बघा! तीन घेतले तर पस्तीस उरतात, पाच घेतले तर तेहतीस; दोन्ही बाद. सात घेतले, तेव्हा एकतीस मिळाले. चोवीसच्या चोवीस जमल्या. वहीत उतरवून खाली, प्रमेयाखाली लिहितात तसं, ठसठशीत लिहिलं, 'हेच सिद्ध करावयाचे होते.'

रविवारी यांनी ती ओळ लाल पेन्सिलीनं खोडली. "अगं, तू तपासलंस. सिद्ध कुठं केलंस? पन्नासावर संख्या संपतात व्हय?"

"मग तुम्ही करा की सिद्ध!"

"मला न्हाय येत. अजून कुणालाच आलेलं न्हाय."

एवढं म्हणून यांनी पुढची वही ओढली. बोलायचं ठरलेलं यांच्या ध्यानातच नव्हतं, आणि मीही आठवण करून दिली नाही.

सोमवारी हे मोटारीनं गेले. मी पाटीवर बावन्न लिहिले. तीन घेतले तर एकोणपन्नास, त्याला सातानं भाग जातो. पाच आणि सत्तेचाळीस चाललं. मग चोपन्न लिहिले.