उताराला आडवं

भावाभावांची वाटणी झाली तेव्हा टेकाडावरचं वावर आमच्या वाट्याला आलं. नाल्याकाठची काळी जमीन भासऱ्यांनी, नवऱ्याच्या मोठ्या भावानं, घेतली. ते थोरले, पहिली निवड त्यांची. माझा नवरा वणीकडे कोळशाचा ट्रक चालवतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. त्याला भावाशी वाद नको होता. मला हवा होता. पण आमच्या घरात सून भासऱ्यांसमोर बोलत नाही, म्हणून मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं आणि गप्प बसले.

ते वावर म्हणजे वर उघडा मुरूम, मध्ये भुरकट हलकी माती, आणि थेट खाली, हद्दीच्या धुऱ्यापलीकडे, भासऱ्यांचं वावर. सासऱ्यांनी आयुष्यभर ते वरून खाली नांगरलं, वरून खालीच पेरलं. आर्णीच्या रस्त्यावरून पाहिलं की नांगराचे तास सुतासारखे सरळ दिसायचे. सासऱ्यांना त्याचा फार अभिमान.

पहिल्या वर्षी मीही तसंच पेरू दिलं. जुलैत दोन दिवस झड लागली. पाऊस थांबल्यावर वावरात गेले, तर प्रत्येक तासाची नाली झाली होती. बी वाहून गेलं होतं, बोटभर मातीही. काही दिवसांनी आमचं सोयाबीन भासऱ्यांच्या तुरीत, धुऱ्याला लागून, दाटीनं उगवलेलं दिसलं.

भासरे सासऱ्यांना म्हणाले, मला ऐकू जाईल असं, "वरची माती खाली येतेच, बाबा. आपण काय बोलावलं तिले?"

आणि हसले. त्या हसण्यानंतर मी ठरवलं की माझी माती आता खाली जाणार नाही.

आर्णीला शेतीच्या कार्यक्रमात एका कृषी सहायकानं तीन काठ्यांची चौकट दाखवली होती. दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, खाली फाकवायच्या, मध्ये तिसरी आडवी. वरून दोरीला दगड लोंबता सोडायचा. चौकटीचे दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी आडव्या काठीवर जिथं येते तिथं खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. मी तशी चौकट केली आणि उन्हाळाभर टेकाडावर तिच्यासोबत चालले. एक पाय रोवायचा, दुसरा फिरवायचा, दोरी मधोमध आली की तिथं चुन्याची चिमूट. संध्याकाळी खालून पाहिलं तर चुन्याची रेघ टेकाडाला वळसा घालून चालली होती, नागमोडी.

सासरे कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"हे काय करून राह्यली तू?"

"याच रेघेनं नांगरायचं, बाबा. पाणी प्रत्येक तासात अडलं पाह्यजे."

"वाकडं नांगरलं त लोक काय म्हणतीन? मी वाकडं नांगरत नसतो."

"मग जोडी द्या. नांगर मी धरतो."

आमच्याकडे बाईनं नांगराला हात लावायचा नाही, असं मानतात. तरी सासऱ्यांनी खुंट्यावरून बैल सोडून कासरा माझ्या हातात दिला, आणि स्वतः लिंबाखाली पाठ करून बसले.

आडवं नांगरणं सोपं नसतं. खालच्या बैलावर जू कलतं, नांगर उताराकडे घसरू पाहतो. पहिल्या दिवशी हाताला फोड आले. दोन रेघांमधलं अंतर कुठं रुंद, कुठं अरुंद. अरुंद जागी तास अर्ध्यावर संपवून जोडी परत फिरवावी लागायची. रस्त्यावरून गाड्या थांबवून लोक बघायचे. एकानं ओरडून विचारलं, "वहिनी, दारू बैलाले पाजली का तुम्ही घेतली?"

मी ओरडले, "पाऊस पडू द्या, मग या पाह्याले!"

पाऊस पडला, आणि माझंच हसं झालं. प्रत्येक रेघेवर मी मातीचा बांध घातला होता, पण मधल्या बांधाची एक जागा थोडी बसकी राहिली होती. सगळं पाणी तिथं गोळा झालं आणि बांध फुटला. माती, दगड, रोपं, सगळं भासऱ्यांच्या वावरात. त्यांच्या तुरीच्या चार ओळी आडव्या झाल्या.

भासरे ओसरीवर आले. नेहमीसारखे सासऱ्यांकडे बघून बोलले. "तिले सांगा, ते बांध तोडून टाक म्हणा. पयल्यासारखं सरळ पेरा."

मी दाराबाहेर आले. पदर डोक्यावर होता, पण आवाज खाली नव्हता.

"भाऊजी, तूर माह्या चुकीनं गेली. लावून देतो. बांध तोडत नाही."

ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले, "कायले एवढा हट्ट?"

"चूक बांधाची नाही, माही आहे. पाणी अडवलं, पण जास्तीच्या पाण्याले वाट ठेवली नाही."

दुसऱ्याच दिवशी जाऊबाई, भासऱ्यांची बायको, माझ्यासोबत वावरात आल्या. कोणाला न विचारता. आम्ही आधी त्यांची तूर लावली. मग बसकी जागा भरून बांध सगळीकडे सारख्या उंचीचा केला, आणि प्रत्येक बांधाच्या टोकाला दगड बसवून सांडवा काढला, म्हणजे भरलेलं पाणी माती न उकरता संथपणे गवतात उतरेल. त्यानंतरच्या मोठ्या पावसात मी छत्री न घेता टेकाडावर उभी होते. बांधामागं पाणी साचलं, सांडव्यावरून गेलं ते जवळजवळ निवळ होतं. मी एकटीच मोठ्यानं हसले.

वरच्या चढावर बांध पुरेसे नव्हते. तिथं पायऱ्या घालायला घेतल्या. वावरातलेच दगड वेचायचे, पाया खणून ताल, म्हणजे माती धरणारी दगडी भिंत, रचायची, चढाकडे थोडी झुकती. वरची चांगली माती आधी बाजूला काढून ठेवायची, मुरूम सपाट करायचा आणि मग ती माती परत पसरायची. त्यात घाई केली आणि चांगली माती मुरमाखाली गाडली गेली, तर पायरीवर काहीच उगवत नाही. हे मी पहिल्याच पायरीवर शिकले. एका उन्हाळ्यात एक पायरी, फार तर दीड.

चार-पाच वर्षांनी जिथं मुरूम होता तिथं तूर डोक्याइतकी उंच झाली. आणि एका सकाळी भासरे ओसरीवर येऊन बसले. नवरा घरी होता.

"वाटणी बराबर झाली नाही," ते नवऱ्याला म्हणाले. "माह्या वावरात आता वरून गाळ येत नाही. टेकाड मी घेतो, नाल्याकडचं तू घे. काळी जमीन आहे, तुलेच फायदा."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. जमीन खरंच काळी होती. त्याचा चेहरा हो म्हणत होता.

"नाही," मी म्हणाले.

"मी त्याच्याशी बोलून राह्यलो," भासरे म्हणाले.

"टेकाडाबद्दल बोलायचं असन त माह्याशी बोला. वाटणीत मिळालं ते टेकाड खरडलेलं होतं. आता आहे ते मी केलं."

सासरे कोपऱ्यात सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"ती बराबर बोलते," ते भासऱ्यांना म्हणाले. "मी जन्मभर ती माती तुह्या वावरात वाहू देल्ली. सरळ तास पाहून खुश होतो. आता तिले तिचं करू दे."

भासरे उठून गेले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तसे आधीही बोलत नव्हते, त्यामुळे मला काही जड जात नाही. नवरा दोन दिवस घुश्शात होता, मग तिसऱ्या दिवशी पहार घेऊन वर आला.

या उन्हाळ्यात नवी पायरी घेतली आहे, सगळ्यात वरची. दगड मोठे आहेत आणि माझी पाठ आता दुखते. गावातल्या बायका म्हणतात, पुरे झालं, एवढं वर काय पिकणार? मी म्हणते, तूर. नाहीतर निदान गवत. पण माती माझ्याच वावरात राहील.