जे आधी होईल ते

चिंतामणसारखा सरळ माणूस आमच्या स्कूटर एजन्सीत कसा टिकला, याचंच मला नवल वाटे. मध्यभारताचं राज्य नवं, गाड्याही नव्या, परदेशातून आलेल्या, मीटर किलोमीटरचे. मी गाड्या दुरुस्त करी, तो गिऱ्हाइकांना सर्व्हिसची आठवण देणारी कार्डं लिही.

नियम पुस्तिकेत इंग्रजीत छापलेला होता: दुसरी सर्व्हिस पंधराशे किलोमीटर किंवा दोन महिने, जे आधी होईल ते. चुकली की गॅरंटी संपली. पहिल्या सर्व्हिसला मी मीटरचा आकडा लिहून देई. त्यावरून गाडी रोज किती पळते हे काढून चिंतामण पुढची तारीख ठरवी.

मालक अप्पासाहेबांनी हे उलटं करून घेतलं. फार पळणाऱ्याला कार्ड महिन्यांच्या हिशेबाने. जो फक्त खजरान्याच्या गणपतीपुरती गाडी काढतो त्याला किलोमीटरच्या. म्हणजे दोघांचीही गॅरंटी बुडाली, आणि दुरुस्तीचे पैसे अप्पासाहेबांच्या गल्ल्यात. वर कपाळाला गंध! त्या माणसाकडे बघून मला शिसारी येई. पण गाड्या दुरुस्त करत राहिलो.

संताजी औषधं घेऊन देवासला जाई. पाचशे किलोमीटर त्याने नऊ दिवसांत केले होते. पुढचे हजार अठरा दिवसांत होणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्याला कार्ड मिळालं पहिल्या सर्व्हिसनंतर सात आठवड्यांनी. त्याच दिवशी तो गाडी ढकलत आला. गिअर अडकलेले, मीटरवर सव्वातीन हजार. मी गिअरचं तेल काढलं तर त्यात लोखंडाचा चुरा.

अप्पासाहेबांनी पुस्तिका पुढे केली. "पंधराशेला यायचं होतं, भिया. गॅरंटी खतम."

"मला इंग्रजी कुठे येतं, साहेब? आपलं कार्ड तर आज आलं! गाडी बंद म्हणजे माझी नोकरी गेली."

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. चिंतामण उठला, त्याने रजिस्टर उघडून संताजीपुढे ठेवलं. प्रत्येक नावापुढे पेन्सिलने खरी तारीख लिहिलेली होती, आणि शेजारी कार्ड टाकल्याची.

"संताजीराव, तुमचं कार्ड पाच हफ्ते आधी जायला हवं होतं. मला माहीत होतं. मालकांचा हुकूम होता."

लोक पुढे सरकले, आपापली नावं शोधू लागले. अप्पासाहेब घाईघाईने म्हणाले, "अरे, गलती झाली असेल. कृष्णराव, याची गाडी फुकट करून द्या."

मी ती केली. संताजीची नोकरी वाचली. चिंतामणला त्याच संध्याकाळी काढलं. दुकानातून जाताना तो माझ्याकडे बघत राहिला. मी पाना पुसत होतो. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

महिनाभराने नवं रजिस्टर आलं. त्यात पेन्सिलीचा रकाना नाही. अप्पासाहेब म्हणाले, "कृष्णराव, तुमचं अक्षर बरं आहे."

आता कार्डं मी लिहितो. कुठल्या तारखेला टाकतो ते विचारू नका. शिसारी अजून येते, पण हल्ली अप्पासाहेबांची नाही.