मोठ्या गॅसवरची साखर

साखर करपल्याचा वास आला की मला आजही सासरचं, घाटकोपरचं ते स्वयंपाकघर आठवतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदाच कॅरॅमल पुडिंग करत होते. नणंद, सुधाताई, ओट्याला टेकून म्हणाल्या, "गॅस मोठा कर गं, पटकन होतं."

मी केला. पातळ पातेलं क्षणात तापलं. कडेची साखर वितळून तांबूस झाली, मग काळी. मधली अजून पांढरीच. ती वितळेपर्यंत थांबले, तर धूर निघाला. घाबरून गॅस बंद केला, तरी तापलेल्या पातेल्यात पाक काळवंडतच राहिला. पुडिंग कडूजहर झालं. पाहुण्यांसमोर सुधाताई हसल्या, "आईने काही शिकवलं नाही वाटतं!"

माझ्या आईचं नाव काढलं, ते मी विसरले नाही. जाड बुडाचं पातेलं, मंद आच, मधासारखा रंग येताच खाली उतरवायचं, हे मी नंतर हट्टाने शिकले.

काल सुधाताईंचा फोन आला. "होणारे व्याही जेवायला येणार आहेत, तुझं ते पुडिंग मी पहिल्यांदाच करतेय. गॅस कसा ठेवू?"

"मोठा ठेवा ताई," मी म्हणाले. "पटकन होतं."