बागेतली बोअर आणि तांबडी रेघ

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना एक खोड होती. प्रकल्प मुलांनीच करावा, असा त्यांचा हट्ट असे. आम्हा बाकीच्या शिक्षकांची तशी काही अट नव्हती. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे अगदी ध्रुवांचेसुद्धा तयार नकाशे मिळत. पालक आणत, मुलं चिकटवत, आम्ही सही ठोकत असू.

बाईंनी मात्र नववीच्या मुलींना गल्ल्यांतून हिंडवलं. आधी टेपने शंभर मीटर मोजून त्यात आपली पावलं किती ते पाहायचं, मग पावलांनीच रस्ते मोजायचे. एक सेंटिमीटरला वीस मीटर. तीन गट, तीन ट्रेसिंग पेपर, प्रमाण एकच. पहिल्यावर घरं, दुकानं, मोकळ्या जागा. दुसऱ्यावर नळ, विहिरी, बोअर. तिसऱ्यावर रस्ते आणि रोजच्या गाड्यांचे मार्ग.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुलींनी कोपऱ्यांच्या खुणा जुळवून तिन्ही कागद खिडकीच्या काचेवर धरले. हिरव्या रंगातली सार्वजनिक बाग वर्षभर दुरुस्तीसाठी बंद होती. त्या हिरव्यात बोअरचा निळा ठिपका आला. विकतच्या पाण्याच्या टँकरची तांबडी रेघ त्याच ठिपक्यापासून निघाली आणि नळ कोरडे पडलेल्या मागच्या चार गल्ल्यांत शिरली.

टँकर होता बाग समितीच्या अध्यक्षांचा. प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणेही तेच.

मुख्याध्यापक घाम पुसत आले. “बाई, ही तांबडी रेघ खोडा.”

“सर, मुलींनी तो रस्ता दोनदा मोजलाय.”

“मग बोअर खोडा!”

“भिंतीवरून आलेला पाइप पाहिलाय त्यांनी. मोटारही ऐकलीय.”

“अहो, मग बागच पुसून टाका!”

“ती तर आधीच पुसली गेलीय, सर.”

मी तिथेच उभा होतो. गणिताचा माणूस मी. पंख्याची पाती मोजत राहिलो.

नकाशा शेवटी स्वच्छतागृहाशेजारच्या भिंतीवर गेला. पाहुणे तिकडे फिरकले नाहीत. पण मागच्या गल्ल्यांतल्या आया आपलं घर शोधायला आल्या. घर सापडलं. मग एकीने तांबड्या रेघेवरून बोट उलटं नेलं आणि ते बागेत जाऊन थांबलं.

सोमवारी त्या रिकाम्या बादल्या घेऊन बागेच्या फाटकात बसल्या. टँकर आतच अडकला. चौथ्या दिवशी समितीने फाटकाबाहेर नळ बसवला. उद्घाटनात अध्यक्ष म्हणाले, “तुमच्या पाण्यासाठी मी जिवाचं रान केलं!” आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या जरा जास्तच मोठ्या होत्या.

बाईंचा भूगोल काढून त्यांना शारीरिक शिक्षण दिलं. कारण लेखी होतं: “यांना विद्यार्थिनींना चालवण्याची आवड आहे.”

बाईंनी शिट्टी गळ्यात अडकवली आणि मुलींना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मैदान शाळेच्या कागदांवर दाखवलंय त्यापेक्षा बरंच लहान भरतंय, असं कानावर येतंय.