बिघडलेल्या ग्राइंडरांची चौकशी

माझी धाकटी बहीण बारावी झाली तेव्हा आमच्या घरात एकच प्रश्न होता: ती गावात राहून कमावू शकेल का? आम्ही तमिळनाडूतल्या कुंभकोणमजवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावचे. घरचा धंदा शिवणकामाचा. वडील गेल्यावर आईच गावातल्या बायकांची पोलकी शिवायची, पण तिची नजर मंद होत चालली होती. मी घरातली पहिली पदवीधर. कुंभकोणमच्या एका शाळेच्या कार्यालयात मला नोकरी लागली होती. सरकारी वसतिगृह आणि शिष्यवृत्ती नसती तर मीही त्याच मशीनवर बसले असते, त्यामुळे सरकारी योजना म्हटली की माझ्या मनात आधी कृतज्ञताच येते. पण कृतज्ञता वेगळी आणि निवड वेगळी, एवढे मला कळत होते.

कुंभकोणमच्या बसस्टँडजवळ एका खाजगी प्रशिक्षण केंद्राची पाटी होती: सरकारी योजना, फी नाही, तीन महिने, प्रमाणपत्र, शंभर टक्के नोकरी. आम्ही दोघी गेलो. तिथला माणूस आदराने बोलला.

"शिवण येतं? मग टेलरिंगलाच घालू. परीक्षा सहज पास होईल."

"येतंच आहे, तर शिकायचं काय?" बहिणीने विचारले.

"प्रमाणपत्र मिळेल ना, अम्मा!"

तो खोटे बोलत नव्हता. जिला काम येतेच ती मुलगी नापास होत नाही आणि केंद्राचा आकडा भरतो. पण गावात प्रमाणपत्र बघून पोलके शिवायला टाकणारी एकही बाई मला माहीत नव्हती. मग त्याने डेटा एंट्री सुचवली. मी विचारले, "मागच्या तुकडीतल्या दोन-तीन मुलींना भेटता येईल का?" तो म्हणाला, "सगळ्या कामाला लागल्या, बाहेरगावी." कुठे, तर तिरुप्पूरच्या कपड्यांच्या कारखान्यात, हॉस्टेलवर. डेटा एंट्री शिकून शिलाईच्या रांगेत!

बाहेर पडल्यावर बहीण म्हणाली, "अक्का, तिरुप्पूरला जायला मला कोर्स कशाला? आपली पिशवी पुरे."

दुसरी जागा तंजावरला होती. बँकेने चालवलेली, खेड्यातल्या तरुणांसाठीची स्वयंरोजगार संस्था. शिक्षण फुकट, जेवणही तिथेच, राहायची सोय. रेशन कार्ड गावचे असल्यामुळे आमचा अर्ज चालणार होता. पण तिथे कोर्स पुष्कळ: शिवण, ब्यूटी पार्लर, गाई पाळणे, मोबाइल दुरुस्ती, आणि मोटर रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळणे. एकदा आधार नोंदवून एक कोर्स घेतला की लगेच दुसरा मिळेलच याची खात्री नाही. म्हणजे निवड नीट करायला हवी होती.

ती निवड नवरात्रात झाली. आमच्याकडे त्या दिवसांत घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. संध्याकाळी बायका एकमेकींकडे जातात, गाणे म्हणतात, कुंकू आणि सुंडल, म्हणजे खोबरे घातलेली हरभऱ्याची उसळ, घेऊन परततात. आमच्या जातीत मुलीसाठी दुकानात जाऊन काम मागणे कमीपणाचे, पण कोलूला गेल्यावर वाटेल ते विचारता येते. मी आईला सांगितले, "यंदा बाहुल्यांचं कौतुक करून झालं की एकच विचार: तुमच्याकडे काय मोडून पडलंय आणि ते दुरुस्त करायला कोण येतं?"

आई म्हणाली, "कुंकू लावून घेताना मोडकं काय ते विचारू? लोक काय म्हणतील?"

"सुंडलातलं वाटण छान बारीक झालंय म्हण. ग्राइंडरचा विषय आपोआप निघतो."

आणि निघाला. आई रोज बातम्या घेऊन यायची. एकीचा इडलीचे पीठ वाटायचा ग्राइंडर नुसता गुणगुणतो, आतला दगड फिरत नाही. एकीच्या मिक्सरमधून ठिणग्या पडतात. एकीच्या शिलाई मशीनची मोटर आठवडाभर कुंभकोणमच्या दुकानात पडून आहे. सगळ्यांची तक्रार एकच: मेकॅनिक बोलावला तर येत नाही, आला तर नवरा घरी नसताना त्याला स्वयंपाकघरात घ्यायचे कसे? पोलके शिवून हवे असे मात्र आईला कोणी म्हणाले नाही. ते गावात तिघीजणी शिवतातच.

बहीण ऐकत होती. ती म्हणाली, "मोटर रिवाइंडिंग."

आमच्या मामांना हे पटले नाही. "शिंप्याची मुलगी मोटरी उघडणार? उद्या लग्नाचं बघायला आले की काय सांगायचं, पोरीला पाना छान चालवता येतो?"

"सांगा ना," बहीण म्हणाली. "ज्याच्या घरी मिक्सर बिघडलाय तो लगेच हो म्हणेल."

आई हसली, मामा हसले नाहीत. पण मला नुसत्या उत्साहावर जायचे नव्हते. आधी तंजावरला जाऊन आम्ही वर्ग बघितला. टेबलांवर खरोखर उघडलेल्या मोटरी होत्या, मुले हाताने तार गुंडाळत होती. शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरचा परीक्षक येतो असे शिक्षकांनी सांगितले. त्यांनी तिरुविडैमरुदूरच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे आम्हाला पाठवले. तो शेतकऱ्यांचे पंप दुरुस्त करत होता. त्याने आम्हाला कॉफी पाजली आणि स्पष्ट सांगितले, "महिनाभरात मेकॅनिक होत नाही कुणी. तिथे भीती जाते. हात बसायला नंतर दुकानात राहावं लागतं. आणि कर्ज? प्रमाणपत्र अर्जाला लावता येतं, पण बँक तुमचा धंदा बघूनच देते."

असे सांगणारा माणूस भेटला की माझा विश्वास बसतो.

महिनाभर बहीण तंजावरला राहिली. वीस-बावीस मुलांत मुली दोनच. पातळ तार मोजून, न तुटू देता, गाठ न पडू देता गुंडाळायची होती. बॉबिन भरत वाढलेल्या हातांना ते नवीन नव्हते. नवीन होते ते मीटर लावून तपासणे, वार्निश देऊन सुकवणे आणि हात लावण्याआधी प्लग काढलाय का ते बघणे. परीक्षा पास झाली, प्रमाणपत्र आले. ते घेऊन आम्ही कुंभकोणममधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मालकाने कागदाकडे बघितलेही नाही. त्याने गुणगुणणारा एक ग्राइंडर तिच्यापुढे सरकवला.

तिने आधी प्लग काढला. मग पट्टा सैल करून दगड हाताने फिरवून बघितला, मोकळा फिरला. मग म्हणाली, "मोटरीला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला असेल, बदलून बघू."

बदलला. दगड फिरला.

"उद्यापासून ये," मालक म्हणाला. "सुरुवातीला प्रवासाचे आणि जेवणाचे देईन. काम बघून पुढचं."

पुढचे यायला सहा महिने गेले. त्या काळात तिने एक आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरता गाभा, जाळला, एकदा मालकाची बोलणी खाल्ली, आणि दोनदा घरी येऊन म्हणाली, "तिरुप्पूरच बरं होतं." तिसऱ्यांदा तसे म्हणाली नाही. आता तिला महिन्याचा पगार आहे. आठवड्यातून दोन दुपारी ती आपल्या गावात आणि आजूबाजूला स्वतःची कामे घेते, तीही मालकाला सांगून, कारण मोठी रिवाइंडिंग दुकानातच होतात आणि ती गिऱ्हाइके त्यालाही हवीच असतात. बायका तिला सरळ स्वयंपाकघरात बोलावतात.

मागच्या महिन्यात आईने कापड टाकून मशीन झाकून ठेवले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी शिवण बंद करायला सांगितले म्हणून नव्हे, ते तर केव्हापासून सांगत होते. बहीण संध्याकाळच्या गाडीने परतली, तिने ते कापड बघितले आणि विचारले, "आई, सुई ठेवलीस?"

"ठेवली," आई म्हणाली. "आता तू आहेस."