नवव्या गणितातलं अधिक

ज्या वर्षी लातूर जिल्हा झाला, त्या वर्षी आमच्याकडे पाऊस झाला नाही. मी एका ज्युनियर कॉलेजात पाणी भरायला होते, रोजंदारीवर. उन्हाळा लागायच्या आत विहीर आटली, रांजण पालथे घातले आणि मला काम उरलं नाही. त्याच सुमारास कागद छापायचं सायक्लोस्टाइल मशीन चालवणारा शिपाई नव्या कलेक्टर कचेरीत लागला. तेव्हा हेडक्लार्क मला म्हणाले, "मावशी, चौथी झालीय ना तुमची? मग हँडल फिरवा." असं मला मशीन मिळालं. दुष्काळ नसता किंवा जिल्हा झाला नसता, तर ते माझ्या हाती आलंच नसतं. पुढं जे झालं ते पाहता बरं झालं असतं.

मशीन सोपं होतं. मेण लावलेला पातळ कागद असतो, त्याला स्टेन्सिल म्हणतात. गणिताचे सर लोखंडी टोकाच्या लेखणीनं त्याच्यावर आकडे कोरायचे. कोरलं तिथलं मेण जातं आणि तेवढ्याच जागेतून शाई खाली कागदावर उतरते. स्टेन्सिलला कुठं चीर गेली तर तिथूनही शाई उतरते. मग त्या जागी लाल औषध लावायचं, नखाला लावतात तसं दिसतं ते. वाळलं की वरून पुन्हा कोरायचं. त्या उन्हाळ्यात मेण असं सुकायचं की दर दोन-चार स्टेन्सिलमागं एक चिरायची.

माझी मुलगी त्याच कॉलेजात अकरावीला होती, सायन्सला. तिच्या बापानं आधीच सांगून ठेवलं होतं. सर बारावीसाठी चाळीस पोरांची वेगळी तुकडी करणार होते, फुकट शिकवणार होते. "यादीत नाव आलं तर शिक. न्हाई आलं तर रेणापूरचं स्थळ हाय." तो रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायचा. दिवसभर दगड फोडून आलेल्या माणसाशी मी वाद घालत नसे.

यादी एका कागदावर ठरणार होती. लिमिटची दहा गणितं. आठ बरोबर आली पाहिजेत, आणि नुसतं उत्तर चालणार नाही, प्रत्येक ओळीचं कारण लिहायचं. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. मी भाकरी थापायची आणि ती चुलीजवळ बसून मला शिकवायची, म्हणजे स्वतःच शिकायची.

"एक्सचा वर्ग वजा चार, भागिले एक्स वजा दोन," ती म्हणाली. "एक्स दोनाकडं चाललाय. माय, दोन घालून बघ."

"वर शून्य, खाली शून्य."

"मग उत्तर?"

"उत्तर काय, कप्पाळ. शून्यानं भागत असतेत का?"

"न्हाईच भागत. म्हणून दोन घालायचा न्हाई. दोनाजवळ जायचं. दोन पूर्णांक एक दशांश घाल."

मी पाटीवर मांडलं. भागाकार मला येत होता, आमच्या गुरुजींनी छडीनं शिकवला होता. वर शून्य पूर्णांक एक्केचाळीस शतांश आले, खाली एक दशांश. भागून चार पूर्णांक एक दशांश. मग तिनं दोन पूर्णांक एक शतांश घालायला लावलं. चार पूर्णांक एक शतांश आले.

"चाराजवळ चाललंय," मी म्हणाले.

"तेच उत्तर. आता हेच सरांच्या रीतीनं बघ. वरच्याचे अवयव पाडायचे, एक्स वजा दोन आणि एक्स अधिक दोन. वरचा आणि खालचा एक्स वजा दोन छाटायचा. पण छाटायच्या आधी लिहायचं की एक्स दोनाकडं जातो, दोन होत न्हाई, म्हणून एक्स वजा दोन शून्य न्हाई. ही ओळ न्हाई लिहिली तर सर काट मारतेत. राहिलं एक्स अधिक दोन. आता दोन घाल. चार."

वर्गमुळं असली की वर आणि खाली जोडीच्या पदानं गुणायचं, म्हणजे मूळ वजा दोन असेल तर मूळ अधिक दोननं. मुळं जातात आणि शून्य करणारा तुकडा बाहेर येतो. साइन एक्स भागिले एक्स, एक्स शून्याकडे गेला की एक, हे पाठच. पण वर साइन पाच एक्स असलं तर खालीही पाच एक्स आणायचे, त्यासाठी पाचानं गुणायचं, आणि उत्तर पाच. सगळं मला कळलं असं नाही. पण जवळचा आकडा घालून उत्तर तपासायला मी शिकले. माझं अधिकचं चिन्ह बघून ती हसायची. मी उभी रेघ लांब काढते आणि आडवी अगदी बारीक.

"हे अधिक हाय का विजेचा खांब?"

"गुरुजींनी असंच शिकवलंय. तू तुझं लिहीत बैस."

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी स्टेन्सिल आणून दिली. तीच गणितं ते दरवर्षी द्यायचे, वहीतून उतरवून. मी पहिलाच कागद काढला तर नवव्या गणितावर काळा डाग. चीर गेली होती, बरोबर चिन्हावरून. डागाखाली मला अधिक दिसलं, आडवी रेघ आणि तिच्यातून गेलेली उभी. मी लाल औषध लावलं, वाळू दिलं आणि दिसलं तसं अधिक कोरलं. सरांना विचारायला हवं होतं. पण सर घरी गेले होते, आणि हेडक्लार्कनं मला बजावलं होतं, "परीक्षेच्या कागदात घोळ झाला तर दुसऱ्या दिवशी येऊ नका." मला कायम करण्याचा अर्जही त्यांच्याच टेबलावर होता. मी सगळे कागद काढले आणि दोरीनं बांधून ठेवले.

परीक्षा झाल्यावर प्रश्नांचे कागद परत घेतले. कोऱ्या बाजूला नोटिसा छापायच्या म्हणून तो गठ्ठा माझ्याच खोलीत आला.

चार दिवसांनी मुलीनं उत्तरपत्रिका घरी आणली. सात बरोबर, तीन काट. एका गणितात तिनं वर जोडीच्या पदानं गुणलं होतं आणि खाली गुणायचं राहिलं होतं. एक वजा कॉस एक्स भागिले एक्सच्या वर्गात खालचे चार विसरली होती, एक द्वितीयांशच्या जागी दोन लिहिलं होतं. त्या दोन तिच्या चुका. तिसरी काट नवव्या गणितावर होती.

"एक्सचा वर्ग अधिक एक्स वजा सहा, भागिले एक्स वजा तीन," तिनं वाचलं. "एक्स तीनाकडं. मी लिहिलंय, वर सहा येतेत, खाली शून्य. हे शून्य भागिले शून्य न्हाई, म्हणून छाटायला काही न्हाई. एका बाजूनं आकडा वाढतच जातो, दुसऱ्या बाजूनं उणे होऊन वाढतो. लिमिट न्हाई. सरांनी उत्तर पाच लिहिलंय."

"बाकीच्यांनी?"

"बाकीच्यांनी पाचच लिहिलंय. मागच्या वर्षीचा सोडवलेला कागद फिरतोय त्यांच्यात. प्रश्न कोण वाचतंय."

ती बाहेर गेली तेव्हा मी पाटी घेतली. तीन पूर्णांक एक दशांश घातले. वर सहा पूर्णांक एकाहत्तर शतांश, भागिले एक दशांश, सदुसष्ट पूर्णांक एक दशांश. तीन पूर्णांक एक शतांश घातले तर सहाशे सातच्या वर गेलं. पाच कुठंच नाही. मग मी अधिक पुसून वजा केलं. पाच पूर्णांक एक दशांश आले. पुढं पाच पूर्णांक एक शतांश.

मला चीर आठवली. वजा होतं ते. उभी रेघ चिरेची होती, आणि मी ती कोरून पक्की केली होती. पोरीनं माझ्या अधिकचं बरोबर उत्तर लिहिलं होतं. ते धरलं तर तिची आठ होत होती.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. सरांनी वही उघडून दाखवली, तिथं वजा होतं. "प्रश्न उतरवताना चुकलीस," म्हणाले. "न्हाई तर छापील कागद दाखव."

संध्याकाळी ती माझ्यासमोर बसली. "माय, तुझ्या खोलीत एखादा कागद असंल. बघतीस का?"

मी तव्याकडं बघत म्हणाले, "न्हाई. सगळ्यांवर नोटिसा छापून झाल्या."

"एक पण न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना."

दोरीनं बांधलेला गठ्ठा जसाच्या तसा खोलीत होता. मी तीन दिवस त्याच्या शेजारी बसून हँडल फिरवलं. चौथ्या दिवशी यादी लागली. तिचं नाव नव्हतं.

त्या दिवशी मी एक कागद काढला आणि सरांच्या पुढं ठेवला. काय झालं ते सांगितलं. सरांनी नववं गणित वाचलं.

"मावशी, पोरीचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पाच लिहिणाऱ्यांचं चूक आहे."

"मग नाव घाला."

"कसं घालू? यादी प्राचार्यांच्या सहीनं लागलीय. हे गणित धरलं तर यादीतली निम्मी पोरं खाली येतात. त्यांचे बाप इथं येतील. मी न वाचता तपासलं हेही निघेल." त्यांनी कागदाची घडी घातली. "आधी का नाही आलात?"

माझा अर्ज हेडक्लार्कच्या टेबलावर होता. त्यांना ते ठाऊकच होतं.

"तुमचं नाव मी घेणार नाही. तुम्हीही बोलू नका," ते म्हणाले आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

जूनमध्ये मुलीचं लग्न झालं. दिवाळीनंतर मी कायम झाले. पुढच्या वर्षी सरांनी तीच दहा गणितं कोरून दिली, आणि नवव्यातलं वजा नीट आलंय का ते मी प्रत्येक कागदावर पाहिलं. वीस-एक वर्षं मी ते मशीन चालवलं. आता पेन्शन खाते.

मुलगी रेणापूरला असते. सोयाबीन काढायला दुसऱ्यांच्या रानात जाते. तिच्या हातांना भेगा आहेत. मागच्या उन्हाळ्यात ती चार दिवस राहायला आली, तेव्हा मी तिला सांगितलं. म्हटलं, मरायच्या आधी सांगावं. ते अधिक मी कोरलं होतं, आणि कागद होते.

ती लसूण सोलत होती. "ठाऊक हाय," म्हणाली. "परीक्षेत कागद हातात पडला तवाच कळलं. असला खांब दुसरं कोण काढतंय."

"मग सरांना का न्हाई सांगितलंस?"

"तुझा अर्ज होता ना टेबलावर."

"मला तरी बोलायचंस."

"बोलले की," ती म्हणाली. "कागद मागितला होता."

तिनं सोललेला लसूण माझ्यापुढं सरकवला आणि टरफलं गोळा करून उठली.